कमोडवरची छोटी सीट आणि पायाखालचं स्टूल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी लहान मुलांची फिजिओथेरपिस्ट आहे. शी रोखून धरणारी, खडा होणारी, कमोडवर बसायला नको म्हणणारी मुलं रोज बघते. पालकांना बहुतेक वेळा छोट्या सीटची काळजी असते, आणि स्टूल मात्र कमोडवर चढायला लागतं म्हणून जे मिळेल ते आणलेलं असतं. खरं तर मुलाला शी नीट होईल की नाही, हे स्टुलावर सीटपेक्षा जास्त अवलंबून असतं. म्हणून इथली बरीचशी उत्तरं पायांबद्दल आहेत.

छोटी सीट लागतेच का? धरून बसवलं तर चालणार नाही?

आपल्या कमोडच्या सीटचं भोक साधारण 20 ते 23 सेंटिमीटर रुंद असतं. दोन-अडीच वर्षांच्या मुलाचे कुल्लेही जवळपास तेवढेच रुंद असतात, किंवा थोडे कमीच. त्यामुळे बसल्यावर मूल आत घसरतं, गुडघे वर येतात आणि ते दोन्ही हातांनी कडा घट्ट पकडतं. तुम्ही काखेत धरलंत तर पडणार नाही, पण आपण लटकतोय हे त्याच्या शरीराला कळत असतं. पोट, मांड्या, कुल्ले सगळं आवळलेलं राहतं. त्या अवस्थेत शू कशीबशी होते, शी होत नाही. छोट्या सीटमुळे भोक लहान होतं, कुल्ले आणि मांड्या टेकतात आणि हात मोकळे होतात. तिचं काम इतकंच.

मग स्टूल कशासाठी? चढायला तर मीच उचलून ठेवते.

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. चढायला मदत होते हा स्टुलाचा वरचा फायदा. खरं काम मूल बसल्यानंतर सुरू होतं.

गुदद्वाराच्या थोडं वर, आतड्याच्या शेवटच्या भागाला मागून वेढा घालणारा एक स्नायू असतो. एरवी तो आतड्याला पुढे ओढून धरतो, त्यामुळे तिथे कोन तयार होतो आणि शी अडून राहते. शी करताना तो सैल पडावा लागतो, म्हणजे वाट सरळ होते. गुडघे कुल्ल्यांपेक्षा किंचित वर असले, अंग जरा पुढे झुकलेलं असलं, तर तो सहज सैल पडतो. पाय अधांतरी असले की उलट होतं. तोल सांभाळायला मांड्या आतल्या बाजूने आवळल्या जातात आणि त्यांच्यासोबत ओटीपोटाच्या तळाचे स्नायूही आवळले जातात. म्हणजे मूल कुंथतंय आणि त्याच वेळी त्याचंच शरीर दार लावून घेतंय.

स्वतः करून बघा. उंच टेबलावर पाय लोंबकळत ठेवून बसा आणि खोल श्वास घेऊन पोट सैल सोडायचा प्रयत्न करा. मग पायाखाली काहीतरी घेऊन तेच करा. फरक लगेच जाणवतो.

स्टुलाची उंची किती असावी?

दुकानात जे स्टूल मिळतं ते कुणाच्याच मापाचं नसतं, म्हणून माप घरी घ्यायचं. दोनच आकडे लागतात.

पहिला आकडा कमोडचा. छोटी सीट बसवून, तिच्या वरच्या पृष्ठभागापासून जमिनीपर्यंतची उंची. छोटी सीट बसवल्यावर उंची एक-दोन सेंटिमीटर वाढते, ती मोजायला बरेच जण विसरतात.

दुसरा आकडा मुलाच्या पायाचा. मुलाला घट्ट गादीच्या किंवा बाकाच्या कडेला बसवा, गुडघा काटकोनात येऊ द्या, आणि गुडघ्याच्या मागच्या खळगीपासून टाचेच्या तळापर्यंत मोजा. दोन-अडीच वर्षांच्या मुलांमध्ये हे माप साधारण 20 सेंटिमीटरच्या आसपास येतं.

पहिल्यातून दुसरा वजा केला की मांड्या सपाट राहतील एवढी स्टुलाची उंची मिळते. गुडघे थोडे वर हवेत म्हणून त्यात दोन-तीन सेंटिमीटर मिळवा. त्याहून जास्त नको. गुडघे फार वर गेले की मूल मागे कलतं आणि त्याला पुढे झुकता येत नाही.

प्रत्यक्ष एक उदाहरण सांगाल का?

माझ्याच घरचं सांगते, कारण तिथे मी स्वतः चुकले होते. माझी धाकटी दोन वर्षं आठ महिन्यांची होती. शू कमोडवर छान चालली होती. शी मात्र नाही. सकाळी बसायची, दोन मिनिटांत "झालं" म्हणायची आणि तासाभराने पडद्यामागे जाऊन उभ्याउभ्या डायपर मागायची. आम्हाला वाटलं हट्ट आहे. आठवडाभराने शी दोन-दोन दिवस थांबायला लागली आणि झाली की कडक.

एके दिवशी मी बाथरूमच्या दारात खाली बसले आणि तिच्या पायांकडे बघितलं. स्टूल होतं, पण तिची फक्त बोटं ताणून खाली रोखलेली होती. अंगठ्याचं टोक मधूनमधून स्टुलाला लागत होतं आणि सुटत होतं. खांदे कानापर्यंत चढलेले, हातांच्या मुठी कडेवर. मी दिवसभर इतर मुलांमध्ये जे शोधते ते माझ्याच घरी होतं.

मोजलं. कमोडची सीट 41 सेंटिमीटर, छोट्या सीटमुळे आणखी 2, एकूण 43. तिचा पाय 21. म्हणजे मांड्या सपाट राहायला 22 हवेत आणि गुडघे वर यायला 24 ते 25. आमचं स्टूल 15 सेंटिमीटरचं होतं. म्हणजे तिची टाच स्टुलापासून 7 सेंटिमीटर वर लटकत होती. चढायला ते स्टूल उत्तम होतं, म्हणूनच ते चुकीचं आहे हे आमच्या लक्षात आलं नाही.

सुताराकडून दोन पायऱ्यांचं करून घेतलं. पहिली पायरी 12 सेंटिमीटर, वरची 24. वरची पायरी 45 सेंटिमीटर रुंद आणि 32 खोल, खाली चारही कोपऱ्यांना रबर. पहिल्या दिवशी ती बसली आणि कोपर गुडघ्यांवर टेकवून पुढे झुकली. असं बस म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. शी मात्र त्या दिवशी झाली नाही. ती नियमित व्हायला साधारण तीन आठवडे लागले, कारण तोपर्यंत दुखण्याची भीती मनात बसली होती आणि शी मऊ राहील याकडे वेगळं लक्ष द्यावं लागलं. स्टूल बदललं की लगेच सगळं सुरळीत होतं, असं मी कुणालाही सांगत नाही.

24 सेंटिमीटर म्हणजे फार उंच नाही का? मूल चढेल कसं?

एका पायरीत चढायला उंचच आहे. घराच्या जिन्याची पायरी साधारण 15 ते 18 सेंटिमीटर असते आणि दोन वर्षांच्या मुलाला तीही मोठी वाटते. म्हणून दोन पायऱ्यांचं स्टूल घ्यावं. मूल खालच्या पायरीवरून चढतं आणि बसल्यावर पाय वरच्या पायरीवर ठेवतं. एकाच पायरीचं उंच स्टूल असेल तर सुरुवातीला तुम्ही हाताला धरून चढवा, पण पाय टेकण्याची उंची कमी करू नका. ठोकळे, पुस्तकं, उलटी बादली असं एकावर एक रचू नका. ओल्या फरशीवर ते सरकतं.

स्टूल घेताना आणखी काय बघायचं?

वरच्या पायरीची खोली बघा. मूल वर चढतं, तिथेच उभं राहून पाठ फिरवतं आणि मग बसतं. या वळण्यातच मुलं सगळ्यात जास्त पडतात. त्यासाठी पुढून मागे किमान 25 ते 30 सेंटिमीटर जागा हवी. रुंदीही भरपूर हवी, कारण दोन्ही पाय एकमेकांपासून लांब ठेवता आले पाहिजेत.

स्टूल कमोडच्या किती जवळ जातं हेही बघा. कमोडचा पुढचा भाग खाली फुगीर असेल तर सरळ कडेचं स्टूल त्याला अडतं आणि पाय गुडघ्यांच्या खाली न येता पुढे ताणले जातात. मूल मग मागे रेलून बसतं. अशा कमोडला मागून अर्धगोल कापलेलं स्टूल चांगलं, ते कमोडला मिठी मारल्यासारखं आत जातं.

आणि घरी आणल्यावर एक चाचणी करा. फरशी ओली करा, स्टूल ठेवा आणि वरच्या पायरीच्या एका कोपऱ्यावर हाताने जोर द्या, मग दुसऱ्या. एखादी बाजू उचलली गेली किंवा स्टूल सरकलं तर ते परत करा.

छोटी सीट नीट बसली आहे हे कसं ओळखायचं?

बसवून तिच्या पुढच्या कडेवर तळहाताने जोरात दाबा. मागची बाजू उचलली गेली तर ती सीट वापरू नका. मूल उतरताना नेमकं पुढच्या कडेवर घसरत येतं आणि तेव्हाच सीट उलटते. मग दोन्ही बाजूंना धरून डावी-उजवीकडे हलवा आणि थोडी पिळून बघा. किंचित लवचिकपणा चालतो, सरकणं चालत नाही.

बहुतेक छोट्या सीटच्या खाली रबर लावलेले कान किंवा फिरवून पुढे-मागे करायचे खटके असतात. ते तुमच्या सीटच्या भोकाच्या आतल्या कडेला टेकले पाहिजेत. गोल सीटसाठी बनवलेली लांबट सीटवर ठेवली की पुढे फट राहते, आणि चौकोनी वळणाच्या कमोडवर तर बऱ्याच सीट बसतच नाहीत. म्हणून घेण्याआधी भोकाची लांबी आणि रुंदी दोन्ही मोजून न्या. आधी घट्ट बसणारी सीट काही दिवसांनी सरकायला लागली तर रबरावर साचलेला थर कारणीभूत असतो. साबणाने धुवून कोरडी केली की पकड परत येते.

गादीची घ्यावी की साधी प्लास्टिकची?

साधी, एकसंध प्लास्टिकची. गादीची मऊ आणि थंडीत उबदार लागते हे खरं, पण तिच्या शिवणीतून शू आत शिरते आणि वास काही केल्या जात नाही. कव्हरला चीर गेली तर ती टाकूनच द्यावी लागते. गादी दबून मूल खड्ड्यात बसल्यासारखं बसतं, तेही मला आवडत नाही.

शिडी जोडलेली सीट घेतली तर वेगळं स्टूल लागणार नाही ना?

काही घरांत ती छान चालते, विशेषतः जागा कमी असेल तर. दोन गोष्टी तपासा. पाय ठेवायची पायरी वर-खाली करता येते का आणि ती वर दिलेल्या मापाला येते का. आणि ती पायरी पुरेशी खोल आहे का. बऱ्याच शिड्यांची पायरी अरुंद पट्टीसारखी असते. तिच्यावर टाच टेकत नाही, फक्त चवडा टेकतो, आणि चवड्यावर भार आला की पोटऱ्या आवळलेल्याच राहतात. शिवाय शिडीवर पाठ फिरवायला जागा नसते, मुलाला वर चढून हँडल धरून वळावं लागतं. पहिल्या काही दिवसांत जवळ उभे राहा.

आपल्या मोठ्या सीटमध्येच मुलांची छोटी रिंग बसवलेली असते, ती कशी?

मला ती सगळ्यात आवडते. रिंग खाली पाडली की मुलांची सीट, वर केली की मोठ्यांची. सरकत नाही, ठेवायला वेगळी जागा लागत नाही. झाकण हळू बंद होणारंच घ्या. वरून धाडकन पडणाऱ्या सीटखाली उभ्याने शू करणाऱ्या छोट्या मुलग्यांना गंभीर इजा होते.

पँट किती खाली करायची?

प्रश्न छोटा वाटतो, पण त्याने खूप फरक पडतो. पँट गुडघ्यांवर अडकलेली असली की ती दोरीसारखी दोन्ही मांड्या एकत्र बांधून ठेवते. पाय फाकवता येत नाहीत आणि ओटीपोट सैल होत नाही. पँट घोट्यापर्यंत खाली घ्या, किंवा एका पायातून पूर्ण काढा. मुलींच्या बाबतीत तर हे फारच गरजेचं. मांड्या चिकटून बसल्या तर थोडी शू योनीमार्गात साचते आणि उठल्यावर चड्डीत टिपकते. आईवडिलांना वाटतं नीट पुसलं नाही. मांड्या उघड्या, पाय स्टुलावर लांब-लांब आणि अंग पुढे, एवढं केलं की बऱ्याच मुलींचं हे टिपकणं थांबतं.

मुलग्यासाठी पुढे उंचवटा असलेली सीट हवी का?

छोटा, गोलसर उंचवटा ठीक आहे. उंच आणि कडक नको, चढता-उतरताना तो नाजूक जागी लागतो आणि एकदा लागलं की मूल पुन्हा बसायचं नाव काढत नाही. पुढे झुकून बसायला आणि शू करताना हाताने खाली दाबायला शिकवलं की उंचवट्याची गरज फारशी उरत नाही.

किती वेळ बसवून ठेवायचं?

तीन ते पाच मिनिटं. जेवणानंतर वीस-तीस मिनिटांत बसवलंत तर उत्तम, कारण पोटात अन्न गेलं की मोठं आतडं आपोआप हालचाल करू लागतं. पाच मिनिटांत नाही झाली तर उतरवा, हसत. वीस मिनिटं बसवून ठेवलं की मांड्यांवर सीटचा वळ उमटतो, पायाला मुंग्या येतात आणि बसणं म्हणजे शिक्षा वाटू लागते.

सगळं मापाचं आहे, तरी शी डायपरमध्येच करतो. काय करू?

डायपर हिसकावून घेऊ नका. शी रोखली की आतडं तिच्यातलं पाणी शोषत राहतं, शी कडक होते, दुखते, आणि दुखलं म्हणून मूल पुढच्या वेळी आणखी रोखतं. या चक्रात अडकण्यापेक्षा डायपरमध्ये झालेली मऊ शी बरी.

जागा आणि पद्धत हळूहळू बदला. आधी डायपर घालून, पण बाथरूममध्ये. ते जमलं की डायपर घालूनच छोट्या सीटवर, पाय स्टुलावर. मग डायपर सैल बांधून. शेवटी डायपर नुसतं सीटवर पसरून. प्रत्येक टप्प्याला काही दिवस द्या आणि मूल अडलं तर एक टप्पा मागे या.

आठवड्यात तीनपेक्षा कमी वेळा शी होत असेल, ती खूप मोठी किंवा कडक असेल, रक्त दिसत असेल, किंवा चड्डीला सतत पातळ डाग लागत असतील तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. पातळ डाग म्हणजे जुलाब असं समजून चालू नका. आत साठलेल्या घट्ट शीच्या बाजूने पातळ शी झिरपते तेव्हाही असंच दिसतं. अशा वेळी आधी औषधाने शी मऊ करावी लागते आणि ते औषध अनेकदा काही महिने चालतं. त्याची जागा स्टूल घेऊ शकत नाही.

त्यापेक्षा खाली ठेवायची पॉटीच बरी नाही का?

सुरुवातीला बरीच मुलं तिच्यावर लवकर रुळतात, कारण पाय आपोआप जमिनीवर टेकतात. मूल फ्लशच्या आवाजाला किंवा उंचीला घाबरत असेल तर पॉटीनेच सुरू करा. नंतर कमोडवर नेताना मुलं अडतात ती पायाखालची जमीन गेली म्हणून. त्या दिवशी स्टूल तयार हवं. फ्लश मूल उतरून बाजूला झाल्यावरच करा.

आमच्याकडे उकिडवं बसायचा संडास आहे.

मग सीट नको, स्टूलही नको. उकिडवं बसण्यात गुडघे आपोआप वर येतात. अडचण एवढीच की पाय ठेवायच्या जागा मोठ्या माणसांच्या मापाच्या असतात. मुलाला दोन्ही पाय, जिथे अंतर कमी आहे तिथे ठेवायला सांगा, आणि समोरून दोन्ही हात धरा.

बाहेरगावी स्टूल कुठून आणणार?

घडी होणारी छोटी सीट पिशवीत मावते. पायांसाठी तुम्ही मुलासमोर खाली बसा आणि त्याचे पाय तुमच्या गुडघ्यांवर टेकवून घ्या. दुसरा उपाय म्हणजे मुलाला उलटं, पाण्याच्या टाकीकडे तोंड करून बसवणं. मांड्या सीटच्या दोन्ही बाजूंना फाकून टेकतात, हातांना टाकीचा आधार मिळतो. शूसाठी हे छान चालतं.

छोटी सीट आणि स्टूल कधी काढायचं?

सीट आधी सुटते. मोठ्या सीटवर मूल हात न टेकवता बसू शकलं आणि आत घसरलं नाही की ती काढा. स्टूल मात्र राहू द्या. सीट काढली की उंची एक-दोन सेंटिमीटरने कमी होते आणि दरम्यान पायही वाढलेले असतात, त्यामुळे दर सहा महिन्यांनी पुन्हा मोजा. गुडघे फार वर जात असतील तर वरच्या पायरीऐवजी कमी उंचीचं स्टूल आणा. मूल कमोडवर पाठीमागे सरकून बसलं आणि तरी दोन्ही टाचा जमिनीवर पूर्ण टेकल्या, की मग ते उचलून ठेवा. बऱ्याच मुलांच्या बाबतीत हा दिवस शाळेत जायला लागल्यावर कितीतरी वर्षांनी येतो.